ताळा जुळला म्हणजे नेमकं काय जुळलं?

(कनिष्ठ महाविद्यालयाच्या गणित मंडळात, नव्या सभासदांसमोर मंडळाच्या कॅप्टनने केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

सर, मॅडम आणि अकरावीतल्या नव्या मंडळींनो,

मागच्या वर्षी मी तुमच्या जागी बसले होते. तेव्हा आमच्या पाच जणांच्या संघाने एका निवड फेरीत गणिताचं उत्तर मतदान घेऊन ठरवलं होतं. हसू नका, खरंच सांगते. आधी प्रश्न ऐका. वर्गात ३ मुली आणि ५ मुलगे आहेत. त्यांच्यातून ४ जणांची समिती निवडायची आहे आणि समितीत किमान एक मुलगी हवी. अशा किती समित्या होतील?

मी असं केलं: किमान एक मुलगी हवी ना, मग आधी एक मुलगी निवडू. ती ३ प्रकारे निवडता येते. उरले ७ जण, त्यांच्यातून कुणीही ३ घ्या, त्याचे ३५ प्रकार. ३ गुणिले ३५ म्हणजे १०५. शेजारच्याचंही १०५ आलं आणि त्याच्या पलीकडच्या मैत्रिणीचंही. चौथ्या मुलाचं ६५ आलं, पाचवीचं काहीच झालं नव्हतं. तिघांचं उत्तर एकच, म्हणून १०५ लिहून कागद देऊन टाकला. ६५ वाला बिचारा "अरे, थांबा" म्हणत होता, पण वेळ संपत आली होती आणि बहुमत आमच्याकडे होतं.

आता गंमत बघा. मुली-मुलग्यांची अट काढूनच टाकली, आठांतून कुणीही चार घेतले, तरी एकूण समित्या होतात फक्त ७०. आम्ही ७० मधून १०५ निवडून दाखवल्या होत्या.

ज्याचं ६५ आलं होतं त्याने उलट्या बाजूने सुरुवात केली होती. सगळ्या समित्या ७०. त्यांतल्या नको असलेल्या, म्हणजे फक्त मुलग्यांच्या, ५ मुलग्यांतून ४ घेऊन होणाऱ्या ५. त्या वजा केल्या की ६५. काम दोन ओळींचं.

त्या संध्याकाळी मला चुकल्याचं वाईट वाटलंच, पण तिघांचं उत्तर जुळूनही ते चुकीचं कसं निघालं, हे जास्त खुपत होतं. उत्तर अगदी सरळ आहे. आम्ही तिघं वेगळे होतो, पण रीत एकच होती. एकाच खड्ड्यात तिघं पाठोपाठ पडले, म्हणून तिथे खड्डा नाही असं होत नाही. तीच आकडेमोड मी दहा वेळा केली असती तरी दहाही वेळा १०५ च आले असते, कारण ३ गुणिले ३५ हे १०५ च होतात. चूक गुणाकारात नव्हती, मोजण्याच्या कल्पनेत होती.

ती चूक नेमकी कुठे होती हेही दुसऱ्या रीतीनेच दाखवलं. मुलींना क, ख, ग म्हणू आणि दोन मुलगे घेऊ, प आणि फ. क, ख, प, फ ही एकच समिती आहे. पण माझ्या रीतीत ती एकदा 'आधी क घेतली, मग ख, प, फ' अशी मोजली जाते आणि पुन्हा एकदा 'आधी ख घेतली, मग क, प, फ' अशी. दोन मुली असतील तर समिती दोनदा मोजली जाते, तीन असतील तर तीनदा.

आता तिसऱ्या बाजूने, मुलींच्या संख्येप्रमाणे वेगवेगळे ढीग करून मोजू. बरोबर एक मुलगी असलेल्या समित्या ३० आहेत. दोन मुली असलेल्याही ३०. तिन्ही मुली आणि एक मुलगा अशा ५. एकूण ६५, म्हणजे त्या मुलाचं उत्तर जुळलं. आणि माझी चूकही आता मोजता येते: पहिले ३० एकदा, दुसरे ३० दोनदा म्हणजे ६०, शेवटचे ५ तीनदा म्हणजे १५. ३० अधिक ६० अधिक १५, बरोबर १०५!

ही बेरीज जुळली तेव्हा मला जे वाटलं ते सांगायलाच मी आज उभी आहे. ६५ आता मला फक्त 'बरोबर असावं' असं वाटत नव्हतं. चुकीचं उत्तर १०५ च का आलं, १०४ का नाही, हेसुद्धा मला सांगता येत होतं. दोन उत्तरं जुळत नाहीत तेव्हा मुलं एक खोडतात आणि मोकळी होतात. आमच्या मंडळात खोडायचं नाही. दोघांतला फरक किती आणि तो कशाचा बनला आहे ते आधी शोधायचं.

माझे आजोबा अडत दुकानात दिवाणजी होते. हे सगळं त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तेरीज जुळली नाही की आम्ही आधी फरकाला नवाने भागून बघायचो." भाग गेला तर कुठेतरी दोन आकडे उलटसुलट लिहिले गेल्याची शंका घ्यायची, ५४ चे ४५ झाले असतील. असा उलटापालटीचा फरक नेहमी नवाच्या पटीतच येतो.

गंमत अशी की नेमक्या याच कारणाने नवाचा ताळा तिथे आंधळा असतो. नवाचा ताळा तुमच्यातल्या काहींना घरी शिकवला असेल. ३४७ गुणिले २८६ घ्या. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, पुन्हा बेरीज ५. २८६ ची १६, मग ७. ५ साते ३५, त्याचे ८. खरा गुणाकार ९९२४२ आहे. त्याच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ८. ताळा जुळला. पण घाईत मी ९९४२२ लिहिलं तर? अंक तेच, म्हणून बेरीज तीच, पुन्हा ८. चुकीच्या उत्तरालाही ताळा छान जुळतो.

म्हणून अकराचा ताळा. उजवीकडून सुरू करून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, असं आळीपाळीने. ३४७ चे ७ वजा ४ अधिक ३, म्हणजे ६. २८६ चे ६ वजा ८ अधिक २, म्हणजे शून्य. गुणाकाराला शून्य यायला हवं. ९९२४२ ला शून्य येतं. ९९४२२ ला ४ येतात, चोर सापडला. शेजारचे अंक उलटले की अकराच्या ताळ्यात एक अंक मिळवण्याच्या बाजूने वजाबाकीच्या बाजूला जातो, म्हणून इथे ते लपत नाही.

पण म्हणून अकराच्या ताळ्यावरही डोळे मिटून विसंबू नका. ९९२४२ मधला हजारांचा ९ आणि दशकाचा ४ यांची अदलाबदल करा: ९४२९२. अंकांची बेरीज पुन्हा २६. आळीपाळीने केलं तर पुन्हा शून्य. दोन्ही ताळे पास! ही चूक पकडते एकदम ढोबळ रीत. ३४७ हे ३४० पेक्षा मोठे, २८६ हे २८० पेक्षा मोठे, म्हणजे गुणाकार निदान ९५२०० च्या वर हवा. ९४२९२ तिथेच बाद. दोन बारीक चाळण्यांतून जे निसटलं ते अंदाजाने अडवलं. दुसरी रीत पहिलीपेक्षा हुशार असावी लागत नाही. ती वेगळ्या जागी चुकणारी असली की झालं.

याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण पायचं आहे. विल्यम शँक्स नावाच्या इंग्रज माणसाने हाताने आकडेमोड करून १८७३ पर्यंत पायचे ७०७ दशांश अंक काढले. सत्तरएक वर्षं जग तेच अंक वापरत होतं. पॅरिसच्या विज्ञान संग्रहालयात एका गोल दालनाच्या भिंतीवर ते लावलेही गेले. शँक्सच्या त्याआधीच्या ६०७ अंकांत ७ हा अंक फारच कमी वेळा येतो, अशी शंका गणितज्ञ डी मॉर्गनने काढली होती. १९४० च्या दशकात फर्ग्युसन नावाच्या इंग्रज गणितज्ञाने वेगळं सूत्र घेऊन पाय पुन्हा काढला. ५२७ अंकांपर्यंत दोघांचं जुळलं आणि ५२८ व्या अंकापासून फाटलं. तिथून पुढचं शँक्सचं सगळं चुकीचं होतं.

लोक ही गोष्ट शँक्स कसा चुकला म्हणून सांगतात. मला ती उलटी दिसते. दोन सूत्रांमधली मधली आकडेमोड पूर्ण वेगळी असते, म्हणून ५२७ अंक योगायोगाने जुळणं शक्यच नाही. तेवढ्या भागाची तर फर्ग्युसनने पावतीच दिली. मग १९४८ मध्ये फर्ग्युसन आणि अमेरिकन गणितज्ञ रेंच यांनी दोन वेगळ्या सूत्रांनी ८०८ अंकांपर्यंत मजल मारली. संग्रहालयाच्या भिंतीवरचे अंकही पुढे दुरुस्त झाले.

आता आपल्या कामाचं. या वर्षी संघात जोड्या असतील. एकाने सोडवायचं, दुसऱ्याने तपासायचं. तपासणाऱ्याला उत्तर दाखवायचं नाही. ६५ यायला हवं हे माहीत असलं की हात आपोआप ६५ कडे वळतो, मी स्वतःवर हे करून पाहिलंय. त्याने प्रश्नही मूळ कागदावरूनच वाचायचा, जोडीदाराच्या वहीतून नाही. कारण 'किमान एक' च्या जागी मी 'फक्त एक' उतरवून घेतलं, तर तो कुठल्याही रीतीने अगदी बरोबर ३० काढेल, मीही ३० काढेन आणि आम्ही दोघं मिळून खुशीत चुकू. अशा चुकीला कुठलीच दुसरी रीत पकडू शकत नाही.

वेळेचं म्हणाल, तर प्रत्येक गणिताला हे परवडत नाही. भूमितीच्या एखाद्या सिद्धतेला दुसरी वाट शोधण्यात अर्धा तास जाईल. पण मोजणीच्या गणितांना मात्र सूट नाही. तिथे चुकीचं उत्तरही दिसायला अगदी सुबक असतं.

पुढच्या शनिवारसाठी एक गणित देते. १ पासून १००० पर्यंतच्या किती संख्यांमध्ये ७ हा अंक निदान एकदा येतो? जोडीतल्या एकाने थेट मोजायचं, दुसऱ्याने ७ नसलेल्या संख्या काढून वजा करायच्या. दोघांचे कागद वेगवेगळे, खोडाखोड न करता आणा. उत्तरं जुळली नाहीत तर मला फोन करू नका, फरक किती आला तेवढं कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहा.