‘पुढची तारीख’ पाहून थांबू नका: दाव्याचा रोजनामा कसा वाचावा

नमस्कार. मागच्या भागाखाली बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला आहे: “वेबसाइटवर पुढची तारीख दिसते, पण आमच्या दाव्यात नेमके काय झाले ते कळत नाही.” आजचा भाग त्याच प्रश्नासाठी आहे.

सुरुवातीचा भाग सोपा आहे. services.ecourts.gov.in उघडा आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाका. तो वकिलांकडे मिळतो. पुणे जिल्ह्यातील प्रकरण असेल तर त्याची सुरुवात MHPU अशी होते आणि शेवटचे चार अंक वर्षाचे असतात. क्रमांक हाताशी नसेल तर पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकूनही शोधता येते.

आता मुख्य गोष्ट. पानावर `Next Hearing Date` आणि `Case Stage` ठळक दिसतात आणि बहुतेक कुटुंबे तेवढे वाचून पान बंद करतात. ‘स्टेज’ म्हणजे प्रकरण कोणत्या कामासाठी नेमले आहे, एवढेच. त्या दिवशी काय घडले, हे त्यात नसते. ते कळण्यासाठी खाली `Case History` या तक्त्यात जावे लागते. तिथे `Business on Date` या रकान्यातील तारखेवर क्लिक केले की त्या दिवसाची नोंद उघडते. आपल्याकडे जो रोजनामा म्हणतात, त्याचा सारांश तिथे वाचायला मिळतो.

एक उदाहरण घेऊ. नावे नकोत, पण असे प्रकार नेहमी घडतात. बहिणीने वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटपाचा दावा लावला. तीन भाऊ प्रतिवादी. धाकटा, म्हणजे प्रतिवादी क्रमांक 3, नोकरीनिमित्त परगावी असतो. समन्स मिळाल्यावर त्याने वकीलपत्र दिले आणि पुढे दर महिन्याला मोबाइलवर फक्त तारीख पाहत राहिला. ‘स्टेज’ बदलून मुद्दे काढण्यावर आली, तेव्हा दावा पुढे सरकतो आहे म्हणून त्याला बरेच वाटले. प्रत्यक्षात त्याआधीच्या एका तारखेच्या नोंदीत लिहिले होते: “प्र. क्र. 3 पुकारा असता गैरहजर. मुदतीत कैफियत दाखल नाही. त्यांच्याविरुद्ध विना कैफियत आदेश.” म्हणजे त्याचे लेखी म्हणणे नसतानाच दावा पुढे चालणार होता. हे पहिल्या पानावर कुठेही दिसत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार कैफियतीसाठी तीस दिवस असतात आणि न्यायालय ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यानंतरही साध्या दिवाणी दाव्यात सबळ कारण दाखवून, कैफियत सोबत जोडून, हा आदेश रद्द करण्याचा अर्ज देता येतो, पण बहुधा खर्च बसतो. पुरावा सुरू झाल्यावर तर हा अर्ज मंजूर करून घेणे आणखी अवघड होते.

म्हणूनच पुन्हा सांगतो, तारीख पाहून थांबू नका. तारखेवर बोट ठेवून आतली ओळ वाचा. नोंदीत “नि. 5” असे दिसले तर ती निशाणी 5, म्हणजे बहुतेक दाव्यांत तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज. “नि. 5 वर म्हणणे” म्हणजे समोरच्या बाजूला उत्तर द्यायचे आहे, अर्ज अजून मंजूर झालेला नाही. “पुढील तारखेपर्यंत जैसे थे” असे लिहिले असेल, तर पुढच्या तारखेची नोंद आवर्जून उघडा आणि तो आदेश वाढवला आहे का ते पाहा. तशी ओळ नसेल, तर त्याच दिवशी वकिलांना विचारा. पूर्ण आदेश `Orders` मध्ये पीडीएफ स्वरूपात मिळू शकतो.

एका ताईंनी लिहिले आहे की त्यांच्या प्रकरणापुढे `Case disposed` आले आणि वकील सांगतात, “काळजी करू नका.” ताई, त्याच पानावरील `Nature of Disposal` वाचा. तिथे `DISMISSED IN DEFAULT` असेल, तर वादी गैरहजर राहिल्यामुळे दावा निकालात निघाला आहे. तो पुन्हा चालू करण्याच्या अर्जाची मुदत तीस दिवस आहे, आणि ती दावा काढून टाकल्याच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळल्यापासून नव्हे. ती उलटली असेल, तर विलंब माफीचा वेगळा अर्ज जोडून प्रत्येक दिवसाचे कारण समजावावे लागते.

मुलाच्या ताब्याची प्रकरणे बहुधा कुटुंब न्यायालयात असतात आणि गोपनीयतेमुळे त्यांतील आदेश पुष्कळदा संकेतस्थळावर दिसत नाहीत. रोजनाम्यात “भेटीचा अर्ज मंजूर” एवढेच असेल, तर कोणता वार, किती वेळ, भेट कुठे, हे त्या ओळीवरून ठरवू नका. अर्जाची निशाणी आणि आदेशाची तारीख टिपून घ्या आणि नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. समोरच्याने भेट नाकारली तर न्यायालयापुढे तीच प्रत दाखवावी लागेल, मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पुरणार नाही.