गंज नेमका कुठून सुरू झाला?

(दृश्य: मालवणजवळच्या वाडीतला रस्ता. एकाच बाजूला तीन हिरवी गेटं.)

इथून समुद्र दिसत नाही, पण ओठांवरून जीभ फिरवली की खारट लागतं. ही तीन गेटं एकाच वर्कशॉपात बनली आणि एप्रिलच्या एकाच आठवड्यात रंगवली गेली. वरून तोच हिरवा ऑइल पेंट, दोन हात. फरक आतल्या प्रायमरचा. पहिल्याला रेड ऑक्साइड, दुसऱ्याला पिवळा झिंक क्रोमेट आणि तिसऱ्याला हार्डनर मिसळून लावायचा, झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर. आता ऑक्टोबर संपत आलाय. एक अख्खा पावसाळा या गेटांनी अंगावर घेतलाय.

लांबून पाहिलं तर निकाल विचित्र लागतो. सगळ्यात महागडं तिसरं गेट दुसऱ्यापेक्षा जास्त डागाळलेलं दिसतं. मालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

(दृश्य: ओल्या फडक्याने डाग पुसणारा हात.)

पण डाग मोजण्याआधी गेट गोड्या पाण्याने धुवायचं. फडक्याने पुसल्यावर तिसऱ्या गेटावरचे बरेचसे तांबडे ओघळ निघून आले. ते बिजागरीच्या बोल्टवरून वाहत आलेलं गंजाचं पाणी होतं. खालचा रंग शाबूत होता. पुसून जात नाही आणि नखाला खरखरीत लागतो, तोच डाग हिशेबात धरायचा.

उरलेले डाग कुठे आहेत, तेही बघा. तिन्ही गेटांवर ते पट्ट्यांच्या धारेवर आणि वेल्डिंगच्या जोडांवर जास्त आहेत. “धारेर रंग ऱ्हवणा नाय,” आमचे पेंटरकाका म्हणाले. ओला रंग तीक्ष्ण कडेवरून मागे सरकतो आणि तिथे थर पातळ राहतो. म्हणून धारांना आणि जोडांना आधी ब्रशने एक जादा हात द्यायचा असतो. इथे तो कुणीच दिला नव्हता.

(दृश्य: तिसऱ्या गेटाचा जोड, अगदी जवळून.)

तिसऱ्या गेटाच्या या जोडावर पातीचं टोक लावलं आणि रंगाचा पापुद्राच हातात आला. त्याची मागची बाजू पाहा. वेल्डिंगची काळी, काचेसारखी पपडी तिला चिकटलेली आहे. इपॉक्सीने आपलं काम चोख केलं होतं, त्याने पपडी घट्ट धरली होती. लोखंडाला सोडलं ते पपडीने. हातोडीने ती झाडून, ग्राइंडर मारून मग प्रायमर लावला असता तर हा डाग पडलाच नसता.

मग प्रायमरची पारख करायची कुठे? सपाट पत्र्यावर. एप्रिलमध्ये रंग पुरता वाळल्यावर आम्ही प्रत्येक गेटाच्या पत्र्यावर, सारख्याच उंचीवर, पातीने लोखंडापर्यंत जाणारी 5 सेंटीमीटरची रेघ मारून ठेवली होती. नव्या गेटावर ओरखडा काढू देणारे मालक सहजासहजी मिळत नाहीत.

(दृश्य: रेघांचे तीन क्लोजअप.)

रेघेत गंज येणारच, तिथे लोखंड उघडं आहे. बघायचं ते हे, की गंज रेघेच्या दोन्ही बाजूंना रंगाखाली किती शिरला. सुटलेला रंग हलकेच खरवडायचा आणि पट्टी लावायची. रेड ऑक्साइडवर एकेका बाजूला 4 मिलिमीटरपर्यंत रंग सुटलाय. झिंक क्रोमेटवर जेमतेम 1. इपॉक्सीवर पातीला काहीच सुटेना.

रेड ऑक्साइड म्हणजे मुळात लोखंडाचाच ऑक्साइड. तो रंगाला अंग देतो, पाणी काही काळ अडवतो. पण ओरखडा पडला की त्याच्याकडे दुसरा इलाज नाही. क्रोमेट ओलाव्यात थोडं थोडं विरघळतं आणि उघड्या लोखंडावर गंज रोखणारा पातळ थर धरतं. मात्र हे क्रोमियम कर्करोगकारक आहे. असा जुना पिवळा थर कोरडा घासू नका, ती धूळ छातीत जाते. इपॉक्सीची ताकद मुख्यतः त्याच्या पकडीत आहे.

रेड ऑक्साइडच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. डबा पुरावा म्हणून त्यात थिनर सढळ हाताने ओतला होता, असं काकांनीच नंतर कबूल केलं. म्हणजे ते 4 मिलिमीटर सगळेच प्रायमरच्या खात्यावर टाकता येत नाहीत. काही पातळ थराचे आहेत. शिवाय प्रत्येकी एकच गेट आणि सहाच महिने. माझं मत विचाराल तर लोखंड नीट साफ होणार असेल तरच इपॉक्सीवर पैसे घालावेत. नुसता तारेचा ब्रश फिरवून काम उरकायचं असेल, तर दाट लावलेला रेड ऑक्साइड बरा.

(दृश्य: तिसऱ्या गेटाची खालची आडवी पाइप.)

निघताना काकांनी तिसऱ्या गेटाची खालची चौकोनी पाइप बोटाने वाजवली. आवाज बद्द आला. मालकांना विचारून त्यांनी तळाला ड्रिलने एक भोक पाडलं. आतून चहासारखं तपकिरी पाणी ठिबकायला लागलं. तिथे कुठलाच प्रायमर पोचला नव्हता.