दोन शिक्षक, एक तास: लंबकाच्या प्रयोगाचे निवेदन

[दृश्य: वर्गात आठ गट. प्रत्येक टेबलाच्या कडेला दोऱ्याने टांगलेला लंबक.]

चाळीस विद्यार्थ्यांचा हा वर्ग पाच-पाच जणांच्या आठ गटांत बसला आहे. आजचा प्रश्न असा की, लंबकाचा गोळा जड केला तर त्याचा दोलनकाल बदलतो का? प्रत्येक गटाकडे एकाच आकाराचे दोन गोळे आहेत, एक लाकडी आणि एक लोखंडी. टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर सर्वांनी 25 सेंटिमीटर ठेवायचे आहे. गोळा थोडासाच बाजूला नेऊन सोडायचा आणि दहा दोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजायचा, एवढेच काम आहे.

वर्गात दोन शिक्षक आहेत. फळ्याजवळ उभ्या असलेल्या मॅडम आज प्रश्न विचारणार आहेत आणि हातात पत्रक घेतलेले सर गटांचे निरीक्षण करणार आहेत. कामाची ही वाटणी दिसायला सोपी असली, तरी ती आदल्या दिवशी वीस मिनिटे एकत्र बसून ठरवावी लागली. मॅडमनी कोणते तीन प्रश्न विचारायचे हे तेव्हा शब्दशः लिहून घेतले गेले. त्या प्रश्नांची उत्तरे सरांनी कोणत्याही गटाला द्यायची नाहीत, हेही तेव्हाच ठरले. कारण एका शिक्षकाने राखून ठेवलेले उत्तर मुले हमखास दुसऱ्याकडे मागतात, आणि त्याने ते दिले की पुढच्या चर्चेत शोधण्यासारखे काहीच उरत नाही.

[दृश्य: सर टेबलांमधून फिरत आहेत, थांबत आहेत, लिहीत आहेत.]

चाळीस मिनिटांच्या या तासिकेत पहिली सहा मिनिटे मॅडमच्या प्रस्तावनेची आणि पुढची अठरा गटकार्याची आहेत. गटकार्यातील सरांची पहिली फेरी पूर्णपणे मौनाची असते. प्रत्येक गटाजवळ ते सुमारे तीस सेकंद थांबतात, म्हणजे चार मिनिटांत आठही गट पाहून होतात. पत्रकावर गटाचा क्रमांक, वेळ आणि दिसलेली कृती यांचीच नोंद होते. ‘गट गोंधळलेला आहे’ हा शेरा तिथे चालत नाही. ‘गोळा सोडतानाच एक म्हटले’ अशी नोंद मात्र चालते. हा भेद आम्हांला फार मोलाचा वाटतो, कारण पहिल्या वाक्यावरून मॅडमना एकही प्रश्न तयार करता येत नाही आणि दुसऱ्यावरून लगेच करता येतो.

आता चौथ्या गटाजवळ थोडे थांबू या. लाकडी गोळ्याच्या वेळी एक मुलगी मोजत होती. गोळा सोडताना तिने ‘शून्य’ म्हटले आणि तो परत आल्यावर ‘एक’. तिच्या दहा दोलनांना 10.1 सेकंद लागले. लोखंडी गोळ्याच्या वेळी मोजणारा बदलला. या मुलाने गोळा सोडतानाच ‘एक’ म्हटले. त्यामुळे ‘दहा’ म्हणेपर्यंत प्रत्यक्षात नऊच दोलने झाली होती आणि स्टॉपवॉचवर 9.1 सेकंद आले. गटाने वहीत निष्कर्ष लिहिला, ‘जड गोळा लवकर परत येतो.’ जड वस्तू जास्त वेगाने हलत असणार अशी त्यांची आधीपासूनच समजूत असल्याने त्या आकड्यावर कोणालाही शंका आली नाही.

सहाव्या गटातील चूक अधिक फसवी आहे. तिथे दोन्ही वेळा गोळा सोडतानाच ‘एक’ म्हटले गेले. त्यांची वाचने 9.1 आणि 9.0 सेकंद आली आणि वजनाने फरक पडत नाही, हा बरोबर निष्कर्ष त्यांनी लिहिला. फळ्याजवळ उभ्या असलेल्या शिक्षिकेने केवळ निष्कर्ष विचारले असते, तर या गटाला शाबासकी मिळाली असती आणि मोजणीतील चूक तशीच राहिली असती. वर्गात फिरणाऱ्या दुसऱ्या शिक्षकाची गरज इथे लागते. मुलांना गप्प बसवणे हे त्याचे काम नव्हे. उत्तर तयार होताना जे घडते आणि उत्तरात दिसत नाही, ते त्याने पाहायचे असते.

दुसऱ्या फेरीत सर ज्यांच्यापुढे खूण केली आहे अशाच गटांकडे जातात. चौथ्या गटाला ते एवढेच विचारतात, “मोजणी कधी सुरू केली, हे वहीत लिहिले आहे का?” आणि उत्तराची वाट न पाहता पुढे जातात. तिथेच उभे राहून समजावून सांगण्याचा मोह मोठा असतो. तसे झाले की सात-आठ मिनिटे एकाच टेबलाशी जातात आणि पत्रकावर इतर गटांच्या ओळी कोऱ्या राहतात. निरीक्षण फसल्याची सर्वांत उघड खूण म्हणजे या कोऱ्या ओळी.

[दृश्य: दोघे फळ्याजवळ, पत्रकावर वाकून, हळू आवाजात बोलत आहेत.]

यानंतरची दोन मिनिटे केवळ या दोघांची आहेत. मुले साहित्य आवरत असताना सर पत्रकावरील तीन नोंदी दाखवतात आणि कोणत्या गटाला कोणत्या क्रमाने बोलवायचे ते दोघे ठरवतात. आधी दुसरा गट, ज्याची वाचने 10.0 आणि 10.1 आहेत, मग सहावा, शेवटी चौथा. हा क्रम न ठरवता ज्यांनी हात वर केले त्यांनाच विचारले, तर दोन भूमिकांचा एकमेकींशी संबंधच राहत नाही.

चर्चेत मॅडम तिन्ही गटांची वाचने फळ्यावर एकाखाली एक लिहितात आणि विचारतात, “दोऱ्याची लांबी सर्वांची सारखी असताना सहाव्या गटाचा वेळ दुसऱ्या गटापेक्षा एका सेकंदाने कमी का आला?” आणि थांबतात. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि तो अवधी तीन सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरे लांब आणि अधिक सकारण होतात, असे अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांना 1970 च्या दशकात आढळले होते. सहअध्यापनात या शांततेला एक जादा धोका असतो, तो म्हणजे दुसरा शिक्षक ती मोडेल. म्हणून या वेळी सर मागच्या भिंतीजवळ उभे राहून मुलांचे बोलणे लिहून घेतात.

प्रथम कोणी दोऱ्याच्या लांबीवर संशय घेतो, कोणी स्टॉपवॉच उशिरा दाबल्याचे सांगतो. मग मागच्या बाकावरून उत्तर येते की एक सेकंद म्हणजे नेमके एक दोलन. क्षणभराने चौथ्या गटातील मुलगी म्हणते, “मी तो परत आल्यावर एक म्हणत होते, हा सोडतानाच म्हणत होता.” मॅडम त्यावर बरोबर किंवा चूक असे काहीच म्हणत नाहीत, चौथ्या आणि सहाव्या गटाला त्या सर्वांसमोर पुन्हा मोजायला सांगतात. या वेळी सोडताना ‘शून्य’ म्हटले जाते आणि चारही वाचने दहा सेकंदांच्या आसपास येतात.

[दृश्य: रिकामा वर्ग. टेबलावर पत्रक.]

तास संपल्यावर दोघे पत्रक पुन्हा वाचतात. सातव्या गटाची दुसऱ्या फेरीतील ओळ कोरी आहे, आणि त्या गटाने गोळा बराच लांब नेऊन सोडला होता का, हे आता कोणालाच सांगता येत नाही. उद्या लांबी बदलून 100 सेंटिमीटरवर प्रयोग आहे. उद्या प्रश्न सर विचारतील आणि पत्रक मॅडमच्या हाती असेल, कारण एकच जण नेहमी फिरत राहिला तर मुले त्याला मदतनीस समजू लागतात. मॅडम आपल्या कोऱ्या पत्रकावर पहिल्या ओळीत गट क्रमांक 7 लिहून ठेवतात.