तारीख कार्यालयाची, मुहूर्त गुरुजींचा

नमस्कार श्रोतेहो. गेल्या वर्षी भाचीचं लग्न ठरलं, तेव्हा पंचांगाच्या आधी फोन बाहेर आला. मे महिन्यात कार्यालयाचा एकही रविवार रिकामा नव्हता, एक बुधवार तेवढा होता. मग ताईनं गुरुजींना विचारलं, "त्या बुधवारी काही निघतंय का बघा ना." निघालं. दुपारी बारा सदतीस.

निघतं कसं? छापील मुहूर्त मोजकेच असतात. चातुर्मास, गुरू-शुक्राचा अस्त, अधिक मास वगळायचे, तिथी-नक्षत्र पाहायचं. पण पूर्वेला उगवणारी रास, म्हणजे लग्न, साधारण दर दोन तासांनी बदलते. त्यामुळे एकाच दिवसात पडताळून पाहायला बारा लग्नं मिळतात. शिवाय अडचणीच्या वेळेसाठी 'काढीव मुहूर्त' आहेतच. नियम कडक, पण विनंतीला मान देणारे!

मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञानं ट्रोब्रिअंड बेटांवर पाहिलं, की आतल्या शांत खाडीत मासेमारी करताना लोक मंत्रतंत्र करत नाहीत, खुल्या समुद्रात जाताना करतात. जिथं आपलं काही चालत नाही, तिथं विधी लागतो. आपणही भाजी आणायला मुहूर्त काढत नाही, लग्नाला काढतो. पण मला वाटतं, एवढ्यानं तो बुधवार उलगडत नाही. तिथं धास्ती ग्रहांची नव्हती, नातेवाइकांची होती.

झालं असं, की मुलाच्या आत्याबाई बिनसल्या. "आडवारी लग्न? आमच्या पोरांना रजा कोण देणार?" ताई कार्यालयाचं नाव काढती, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: दुसरं का नाही बघितलं? खर्चाचं नाव निघतं, तर मानापमान. ताई एवढंच म्हणाली, "काय करणार आत्याबाई, मुहूर्तच तो निघाला." आत्याबाई गप्प. पंचांगाशी भांडून कोणाला काय मिळणार? निर्णय ताईचाच होता, पण त्याला कर्ता उरला नाही. दोन्ही घरांत कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही.

अर्थात हे जमतं ते सगळे मुहूर्त मानतात म्हणूनच. ताईसुद्धा मानते. गुरुजींनी "नाही निघत" म्हटलं असतं, तर तिनं दुसरी तारीख शोधली असती, किंवा दुसरे गुरुजी. मुलीकडची बाजू पडती असते, म्हणून ही ढाल तिलाच जास्त लागते.

आणि प्रत्यक्ष लग्नात? पूर्वी घटिकापात्र असायचं. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यात ठेवायची, ती चोवीस मिनिटांत भरून बुडायची. आमच्याकडे घड्याळ होतं आणि दारात बँडवर नाचणारी वरात होती. बारा सदतीस उलटले. आजोबांनी दोनदा मनगटाकडे पाहिलं, गुरुजींनी पाहिलं नाही. शेवटची मंगलाष्टका संपून अंतरपाट दूर झाला तेव्हा एकला पाच कमी होते. पुन्हा गणित कोणी मांडलं नाही. फ्रेम करून लावलेल्या पत्रिकेवर अजून बारा सदतीसच आहेत.