ताप उतरला की फोन करा

(कॅमेऱ्यासमोर, हातात मोबाइल. बाहेर पाऊस, आवाज आला तरी राहू दे.)

नमस्कार. आज एक मेसेज दाखवते. तीन पावसाळ्यांपूर्वी मीच पाठवला होता.

(स्क्रीनवर: "पॅरासिटामॉल घ्या, भरपूर पाणी प्या, आराम करा. ताप कमी झाला नाही तर कळवा. काळजी नको.")

बरा वाटतो ना? मलाही बराच वाटला होता. फोनवर दहा मिनिटं बोलले, मेसेज टाकला आणि पुढचा पेशंट घेतला. दोन दिवसांनी त्या माणसाचा ताप उतरला. घरच्यांनी माझा मेसेज अगदी शब्दशः पाळला. ताप कमी झाला होता, म्हणून कळवलं नाही. पोट दुखत होतं, पण ते कुणी मला सांगितलं नाही, कारण मेसेजमध्ये पोटाबद्दल एक अक्षर नव्हतं. हॉस्पिटलात पोचला तेव्हा हातपाय गार आणि बीपी लागत नव्हतं. दोन दिवस आयसीयूत काढून तो वाचला. डेंग्यू होता.

गोव्यात जून ते चवथीच्या पुढेपर्यंत ताप आला की डेंग्यू डोक्यात ठेवावाच लागतो. आणि डेंग्यूची खोड अशी, की धोका बहुधा ताप चढताना नसतो, ताप उतरताना असतो. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप खाली येतो. त्याच सुमाराला काही पेशंटच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीत उतरतं. नळ्यांत उरतं ते घट्ट आणि कमी. हा काळ एक-दोन दिवसांचा असतो. तो नीट सांभाळला तर माणूस बरा होतो. सगळे विचारतात ते "प्लेटलेट किती?", पण घात बऱ्याचदा या झिरपण्याने होतो.

म्हणजे "ताप कमी झाला नाही तर कळवा" हे वाक्य या आजारात नेमकं उलटं आहे.

इंग्लंडमधल्या एका फॅमिली डॉक्टरने १९८७ मध्ये तीन प्रश्न मांडले. माझा अंदाज बरोबर असेल तर पुढे काय दिसेल? चुकला असेल तर कसं कळेल? आणि तेव्हा काय करायचं? आपण फोनवर बहुतेक वेळा पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देतो आणि फोन ठेवतो. दुसऱ्या आणि तिसऱ्याचं उत्तर लिहून द्यायचं असतं, कारण तापलेल्या माणसाच्या उशाशी बसून ऐकलेलं अर्धंअधिक फोन ठेवताच विसरलं जातं.

आता मेसेज कसा लिहिते ते एका पेशंटवर दाखवते. वय, गाव, थोडे तपशील बदललेत.

सत्तरी तालुक्यातली एक वहिनी. बुधवारी संध्याकाळी सातला फोन. नवरा चाळिशीतला, कुळागरात काम करणारा. सोमवारी संध्याकाळपासून ताप, डोळ्यांमागे दुखतंय, अंग मोडून आलंय. उलटी नाही, खोकला नाही, पाणी पितोय, लघवी होतेय. हृदयाचा, किडनीचा, लिव्हरचा काही आजार नाही. पाऊस धो धो. मी म्हटलं, आजची रात्र घरी काढता येईल, पण उद्या प्रत्यक्ष दाखवायचं.

(स्क्रीनवर: "वहिनी, आज बुधवार, ७ वाजता आपण बोललो. भावोजींना सोमवारपासून ताप आहे. डेंग्यू असू शकतो. मी त्यांना तपासलेलं नाही. नाडी, बीपी, पोट फोनवर कळत नाही. म्हणून उद्या गुरुवारी सकाळी वाळपईच्या आरोग्य केंद्रात दाखवा. तिथे सीबीसी आणि डेंग्यूची एनएस-वन तपासणी करायला सांगा. हा मेसेज त्यांना दाखवा.")

"तपासलेलं नाही" हे लिहायला आपल्याला जड जातं. पण ते लिहिलं नाही तर घरच्यांना वाटतं डॉक्टरने बघितलंय. आणि वाळपईतल्या डॉक्टरला तोच मेसेज पेशंटचा इतिहास म्हणून उपयोगी पडतो. सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांप्रमाणे प्रिस्क्रिप्शन लागतं ते वेगळं, नोंदणी क्रमांक घालून. हा मेसेज त्याच्या जागी नाही.

(स्क्रीनवर: "पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी, तापासाठी. दोन गोळ्यांत कमीत कमी ६ तास. दिवसरात्र मिळून ४ पेक्षा जास्त नाही. सर्दीची दुसरी गोळी सोबत नको, तिच्यात हेच औषध असू शकतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नको. अंगदुखीचं इंजेक्शनही नको.")

इंजेक्शनची ओळ मुद्दाम. अंग मोडून आलं की "एक सुई मारून घे" म्हणणारं कुणीतरी घरात असतंच. या गोळ्या-इंजेक्शनांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मात्र स्वतःहून बंद करू नका, त्याबद्दल आधी डॉक्टरला विचारा.

(स्क्रीनवर: "ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात. उकड्या तांदळाची पेज मीठ घालून, शहाळं. दिवसभरात सगळं मिळून दोन ते अडीच लिटर, थोडं थोडं.")

"भरपूर पाणी" असं मी आता लिहीत नाही. भरपूर म्हणजे एकाला तांब्याभर, दुसऱ्याला कळशीभर. लिटरमध्ये लिहिलं की बाटली मोजून बघता येते. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर हा आकडा चालत नाही, म्हणून फोनवर ते आधी विचारलं होतं. पपईच्या पानांच्या रसाचं प्रत्येक जण विचारतो. मी नको म्हणते, कारण त्या कडू रसाने उलटी झाली तर ती रसाची की आजाराची, हे फोनवर मला ओळखता येत नाही. आणि उलटी ही पुढे आपली धोक्याची खूण आहे.

आता मुख्य भाग. इथे मी दिवसांचे आकडे लिहीत नाही, वार लिहिते. "तिसरा ते सातवा दिवस" म्हटलं की घरात वाद होतो, सोमवार धरायचा की मंगळवार.

(स्क्रीनवर: "लक्ष ठेवायचे दिवस: गुरुवार ते रविवार. ताप उतरला म्हणजे आजार संपला असं नाही. ताप उतरेल त्या दिवशी मला फोन करा, बरं वाटत असलं तरी.")

(स्क्रीनवर: "यातलं एकही दिसलं तर मला फोन न करता १०८ बोलवा: पोट सतत दुखणं. दिवसात तीनदा किंवा जास्त उलट्या. हिरड्या, नाकातून रक्त, काळी शी. उठताना चक्कर, हातपाय गार. फार सुस्त किंवा फार बेचैन. दम लागणं. ६ तास लघवी नाही.")

"मला फोन न करता" हे शब्द महत्त्वाचे. मी रात्री अकरानंतर फोन उचलेनच असं नाही, आणि सत्तरीत पावसात रेंज जाते. माझ्या फोनची वाट बघत बसलेली घरं मी पाहिलीत. सत्तरीतून बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पोचायला रात्री तासाच्या वर लागतो, त्यात अर्धा तास फोन लावण्यात गेला तर कसं चालेल? रात्री अकरानंतर मी नसते, हेही मेसेजमध्ये सरळ लिहिते.

आणखी एक ओळ होती: "डोळे लाल किंवा पिवळे, पोटऱ्या फार दुखणं, असं असेल तर उद्या डॉक्टरांना आधी हेच सांगा." कुळागरात चिखलात उभा राहणारा माणूस, म्हणून. उंदराच्या लघवीतून येणारा लेप्टो सुरुवातीला हुबेहूब असाच दिसतो आणि त्याला अँटिबायोटिक लवकर लागतं. फोनवर हे दोन वेगळे करता येत नाहीत. शहरातल्या ऑफिसात बसणाऱ्या पेशंटला ही ओळ मी कदाचित लिहिणार नाही. सगळ्यांना सगळ्या खुणा लिहिल्या की मेसेज गोळ्यांच्या खोक्यातल्या कागदासारखा होतो. तो कोण वाचतं?

मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा दिसतात. त्या मी मोजत नाही. वहिनींना परत फोन केला आणि म्हटलं, "मला उलटं सांगा, तुम्ही १०८ कधी बोलवाल?" त्या म्हणाल्या, "ताप खूप चढला तर." बघा! सगळं वाचूनही डोक्यात तापच. तेव्हा तीच ओळ पुन्हा बोलले आणि व्हॉइस मेसेजही टाकला, कारण घरात सासूबाई, त्यांना मोबाइलवर बारीक अक्षर दिसत नाही. नंतर कळलं, नातवाने ती यादी मोठ्या अक्षरात भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहिली.

गुरुवारी एनएस-वन पॉझिटिव्ह आली. तिथल्या डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं आणि रोज सीबीसी करायला सांगितलं. शुक्रवारी दुपारी ताप उतरला. गडी उठून बसला, पेज मागितली, घरात हसणं परत आलं. वहिनींचा फोन आला, "डॉक्टर, बरं वाटतंय, पण तुम्ही करायला सांगितलेलात म्हणून केला." मी पुन्हा यादी म्हणून घेतली. या वेळी पोट पहिलं आलं.

शनिवारी पहाटे पोट दुखायला लागलं आणि लागोपाठ उलट्या झाल्या. मला कुणी फोन केला नाही. सासूबाईंनी कॅलेंडर उलटून दाखवलं, १०८ आली, बांबोळीला नेलं. रक्त घट्ट झालेलं होतं, सलाइन मोजून द्यावं लागलं. आयसीयू लागलं नाही. चार दिवसांनी घरी.

पण त्या मेसेजात एक चूक राहिलीच होती. नंतर विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, शुक्रवारी रात्री दहानंतर लघवी झाली की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. तो झोपला होता, आणि दोन रात्रींनंतर शांत झोपलाय म्हणून कुणी उठवलं नाही. "६ तास" मी लिहिले, पण ते सहा तास कोण मोजणार ते लिहिलं नाही. आता त्या ओळीखाली एक ओळ वाढवते.

(स्क्रीनवर: "रात्री ३ वाजता उठवा. पाणी द्या, लघवीला न्या. धड जागे होत नसतील तर १०८.")