प्रोसेसरशेजारचा पोटभाडेकरू

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्यापैकी किती जणांनी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलीय? बरेच हात वर आहेत, छान. आता ज्यांनी आपल्या मशीनचा 16992 हा पोर्ट दुसऱ्या मशीनवरून तपासून पाहिलाय, तेवढ्यांनीच हात वर ठेवा. ... बरं. म्हणजे मला बोलावलं ते अगदीच वाया गेलेलं नाही.

इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन म्हणजे काय, हे इथे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून झटपट सांगतो. मुख्य प्रोसेसरच्या जोडीला असलेल्या चिपसेटमध्ये आणखी एक लहानसा प्रोसेसर असतो. त्याची मेमरी वेगळी, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी. अकराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५च्या स्कायलेकपासून, ही सिस्टिम मिनिक्सवर बेतलेली आहे. मिनिक्सचे कर्ते टॅनेनबॉम यांनी २०१७मध्ये इंटेलला खुलं पत्र लिहिलं, की आधी नुसतं कळवलं असतं तरी बरं वाटलं असतं! असो. तर हा आपल्या घरातला पोटभाडेकरू. याच्याकडे मुख्य मेमरीत डोकावायची वाट आहे, नेटवर्क कार्डाकडे जायची वेगळी वाट आहे, आणि प्लग लावलेला असेल तर मशीन बंद असतानाही तो जागा राहू शकतो.

आता इथे एक घोळ नेहमी होतो. इंजिन जवळजवळ प्रत्येक इंटेल मशीनमध्ये असतं. पण दूरवरून मशीन चालवण्याची सोय, म्हणजे एएमटी, फक्त व्हीप्रो गटातल्या, कचेऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या मशीनमध्ये असते. ‘प्रत्येक संगणकात चोरदरवाजा आहे’ असं ओरडणाऱ्यांना हा फरक दिसत नाही, आणि ‘काही नाही हो, सगळ्या अफवा’ म्हणणाऱ्यांना तो पाहायचाच नसतो. मला दोघांचाही सारखाच कंटाळा आहे.

एएमटी सुरू असलेल्या मशीनवर दुसऱ्या ठिकाणाहून 16992 हा पोर्ट ब्राउझरमध्ये उघडला की एक साधं पान येतं. तिथून मशीन चालू-बंद करता येतं. योग्य सॉफ्टवेअर असेल तर पडदा बघता येतो, की-बोर्ड चालवता येतो, दूरच्या डिस्क-प्रतिमेवरून मशीन सुरू करता येतं. कचेरीतल्या सिस्टिमवाल्याला शेकडो मशीन सांभाळायची असतात, त्याच्यासाठी हे वरदानच. दाराला फक्त पासवर्ड हवा. आणि त्या पासवर्डाचीच गोष्ट मला सांगायचीय.

१ मे २०१७ला इंटेलने एक दोष जाहीर केला, CVE-2017-5689. एम्बेडी या कंपनीच्या संशोधकाने तो शोधला होता. पान उघडलं की सर्व्हर एक आव्हान-आकडा पाठवतो. ब्राउझर त्यात पासवर्ड मिसळून ३२ अक्षरांचं उत्तर परत पाठवतो. सर्व्हर स्वतःही तेच गणित करतो आणि दोन्ही उत्तरं ताडून बघतो. ही ताडणी अशी होती:

```
strncmp(computed_response, user_response, response_length)
```

`strncmp` दोन मजकुरांची पहिली इतकी-इतकी अक्षरं जुळतात का ते बघतं. जुळली तर शून्य देतं. किती अक्षरं बघायची ते तिसरा आकडा सांगतो. तिथे ३२ असायला हवं होतं, पण तिथे होती समोरच्याने पाठवलेल्या उत्तराची लांबी. आता समोरच्याने उत्तराची जागा कोरी सोडली तर? लांबी शून्य. शून्य अक्षरं ताडायची, म्हणजे सगळी जुळली. या आत! फक्त वापरकर्त्याचं नाव `admin` असं द्यायचं, आणि ते सगळ्यांनाच माहीत. (हसू नका, २०१०च्या आसपासच्या सहाव्या आवृत्तीपासून ११.६पर्यंत हे असंच चालत होतं.)

यातलं मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. दुरुस्ती इंटेलने दिली, पण ती मशीनपर्यंत पोचते बोर्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्याकडून. माझ्याकडच्या एका मशीनच्या उत्पादकाकडे विचारलं, तर उत्तर आलं की हे मॉडेल आता आधारात नाही, नवीन घ्या. धडधाकट मशीन, आणि कुलूप बदलायला नकार! त्यांचं नाव घेत नाही, पण त्यांच्या त्या ईमेलमधलं ‘आपला विश्वास आम्हांला मोलाचा आहे’ हे वाक्य मला पाठ झालंय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. विषय तर ‘काळजी कशी घ्यावी’ असा जाहीर केला होता, तेव्हा आता पळतो.

पहिलं, तपासणी दुसऱ्या मशीनवरूनच करा:

```
nmap -p 16992-16995 मशीनचा-पत्ता
```

स्वतःच्याच मशीनवरून केलेल्या तपासणीवर विसंबू नका. स्वतःला पाठवलेला मजकूर तारेपर्यंत जातच नाही, आणि एएमटी मजकूर उचलते ती नेटवर्क कार्डापाशी. म्हणूनच तुमच्या सिस्टिमचा फायरवॉलही इथे निरुपयोगी. अडवायचं तर राउटरवर अडवा. किंवा बोर्डावरची नेटवर्क-जोडणी सोडून वेगळं, बिगर-इंटेल नेटवर्क कार्ड वापरा. एएमटीला त्यातून बोलता येत नाही.

दुसरं, वापरलेलं मशीन घेतलंत तर सुरू होताना Ctrl+P दाबून MEBx हा इंजिनच्या सेटिंगचा मेनू उघडतो का बघा. उघडला तर आधीच्या मालकाची जोडणी पूर्ण काढून टाका आणि पासवर्ड बदला. कारखान्यातून तो `admin` असाच येतो. हा मेनू मोकळा राहिला, तर BIOSला पासवर्ड असूनही मशीन हाताशी आलेला माणूस मिनिटभरात एएमटी चालू करू शकतो.

तिसरं, ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी. हे फर्मवेअर BIOSच्याच फ्लॅश चिपवर असतं. ते अख्खं पुसलंत तर बहुतेक मशीन ३० मिनिटांनी आपोआप बंद पडतात. पण २०१७मध्ये पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीजच्या संशोधकांना त्यात HAP नावाचा एक बिट सापडला. तो लावला की इंजिन हार्डवेअर सुरू करण्यापुरतं काम करून थांबतं. मूळ `me_cleaner` ही स्क्रिप्ट इंजिनच्या अकराव्या आवृत्तीत हा बिट लावून देते. दुसऱ्या मशीनला CH341A हा चिप वाचणारा-लिहिणारा प्रोग्रामर जोडायचा, त्याची क्लिप बंद मशीनच्या फ्लॅश चिपवर बसवायची, आणि मग:

```
flashrom -p ch341a_spi -r ek.bin
flashrom -p ch341a_spi -r don.bin
sha256sum ek.bin don.bin
python3 me_cleaner.py -s -O nava.bin ek.bin
```

दोन वेळा वाचायचं कारण म्हणजे चिपवरची क्लिप जरा हलली तरी वाचन चुकतं. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर काहीही लिहू नका, क्लिप नीट बसवा. जुळले तरच `flashrom -p ch341a_spi -w nava.bin` करून नवी प्रत चिपवर लिहा. मूळ प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवा, कारण बिघडलेल्या मशीनवरची प्रत बिघडलेल्या मशीनवरच राहते.

आणि हा बिट म्हणजे कवच नव्हे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जाहीर झालेले इंजिनमधले काही दोष नेमके त्या सुरुवातीच्या भागातच होते, जो बिट लावल्यावरही चालतोच. ते फर्मवेअर अद्ययावत केल्यानेच जातात. बरं, BIOS अद्ययावत करताना उत्पादक चिपचा तो भागही पुन्हा लिहू शकतो, म्हणजे तुमचा बिट गेला. म्हणून प्रत्येक अद्ययावतीनंतर `lspci` चालवा. बिट जागेवर असेल तर MEI नावाचं, इंजिनशी बोलायचं उपकरण बहुधा यादीत नसतं. ते पुन्हा दिसलं तर क्लिप पुन्हा बाहेर काढायची.

एएमडीवाल्यांनी हसू नये, तुमच्याकडेही एआरएमचा छोटा प्रोसेसर आहेच. त्यावर बोलायला वेळ उरलेला नाही. बाहेर चहाच्या वेळी विचारा.