कळ येते, पण बसवत नाही

(दृश्य : दवाखान्यातलं टेबल. प्लॅस्टिकचं शरीररचनेचं मॉडेल, मधून उभं कापलेलं. डॉक्टरांचं बोट एकेका भागावर थांबत जातं.)

मोठं आतडं जिथे संपतं, तिथलं हे मॉडेल. वरची पोकळ जागा म्हणजे मलाशय. त्याखाली जेमतेम दीड इंचाचा मार्ग आणि मग गुदद्वार. या मार्गाभोवती स्नायूंची दोन कडी आहेत, एकात एक. बाहेरचं कडं आपल्या हुकमात असतं. एसटीत बसलेलो असताना कळ आली तर आपण ती दाबून धरतो, ती याच कड्याच्या जोरावर. आतलं कडं आपलं ऐकत नाही. ते आपोआप आवळतं आणि आपोआप सैल पडतं.

मलाशय भरलं की आतलं कडं क्षणभर सैल होतं आणि आपल्याला कळ जाणवते. त्या वेळी बाहेरचं कडं घट्ट आवळलं तर मळ थोडा वर सरकतो आणि कळ विरून जाते. मळ मात्र आतच राहतो. शरीर त्यातलं पाणी शोषत राहतं, नवा मळ मागून येऊन साठतो. पुढची कळ येते तेव्हा बाहेर पडायचं असतं ते आधीपेक्षा कोरडं आणि आधीपेक्षा मोठं.

(दृश्य : माहेरचं घर. दोरीवर वाळत घातलेली दुपटी. पाळण्याची दोरी ओढणारा हात. चेहरा दिसत नाही.)

या ताई सत्तावीस वर्षांच्या आहेत. पहिलं बाळंतपण झालं आणि त्या माहेरी आल्या. चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर त्या आमच्याशी बोलल्या. बाळंतपणानंतर लोहाच्या गोळ्या सुरू होत्या, आणि या गोळ्यांनी अनेकांना खडा होतो. घरात बाळंतिणीला पाणी बेतानं द्यायची पद्धत. पालेभाजीही जपून. झोपेचे तर तुकडेच. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्यांदा शौचाला झाली ती अशी :

(ताईंचा आवाज) "काच गेल्यासारखं वाटलं. रक्ताची रेघ दिसली. पण खरं दुखणं उठल्यावर सुरू झालं. तास-दीड तास मला धड बसताही येईना, बाळाला पाजायला घेता येईना."

दुखणं शौचाच्या वेळी सुरू होतं आणि नंतर तासभर, कधी त्याहूनही जास्त वेळ टिकतं. याचं कारण ते आतलं कडं. खड्यामुळे गुदद्वाराच्या नाजूक कातडीला चीर पडते, बहुतेकदा मागच्या बाजूला, माकडहाडाकडे. चिरेखालचा स्नायू वेदनेनं पेटका आल्यासारखा आवळतो आणि आवळलेलाच राहतो. त्या जागेला मुळातच रक्तपुरवठा बेताचा. स्नायू आवळला की तोही घटतो, आणि रक्त नीट पोचलं नाही तर चीर भरत नाही.

याला वैद्यकीय भाषेत फिशर म्हणतात. आपल्याकडे मात्र गुदद्वाराचं कुठलंही दुखणं एकाच नावानं ओळखलं जातं : मूळव्याध. ताईंच्या घरीही तेच झालं. कुणीतरी मूळव्याधीचं मलम आणून दिलं, तिखट बंद केलं, आणि विषय मिटला असं सगळ्यांनी धरून चाललं. मूळव्याधीत फुगतात त्या रक्तवाहिन्या. आतल्या मूळव्याधीत रक्त पुष्कळ जातं, पण बहुधा दुखत नाही. शौचाच्या वेळी कापल्यासारखी वेदना आणि नंतर बराच वेळ ठणका असेल तर चिरेचा संशय आधी घ्यायला हवा. ही ओळख पहिल्या आठवड्यात पटली असती तर ताईंच्या बाबतीत पुढचं बरंच टळलं असतं.

(दृश्य : ताईंचे हात. चपातीचा अर्धा तुकडा ताटात परत ठेवला जातो.)

पुढचं काम भीतीनं केलं. दुसऱ्या दिवशी कळ आली तेव्हा ताईंनी बाळाला उचलून घेतलं. बाळ रडतंय, आत्ता नको. संध्याकाळी पाहू. मग कळ गेली, आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं. ही सुटका फसवी असते. कळ दाबली की लगेच बरं वाटतं, त्यामुळे पुढच्या वेळी दाबणं आणखी सोपं जातं. आपण मुद्दाम रोखतोय हेही मग माणसाच्या लक्षात येत नाही. त्यांनी जेवणही कमी केलं. कमी खाल्लं तर कमी होईल, असा हिशोब. पण आतड्याला हलवणारा मोठा धक्का जेवणातूनच मिळतो. जेवण घटलं तसा तोही घटला.

चार दिवसांनी जे झालं त्यानं भरत आलेली चीर पुन्हा उघडली. हेच चक्र पाच आठवडे फिरत राहिलं. असं महिनोन् महिने चाललं तर मलाशय ताणून सैल पडतं, कळच बोथट होते, चीर जुनी होऊन तिच्या टोकाला कातडीचा कोंब येतो.

(दृश्य : तपासणीची खोली. पडदा ओढलेला. हातमोजे घालणारे डॉक्टर.)

ताई शेवटी डॉक्टर मॅडमकडे आल्या त्या आत बोट घालून तपासतील या धास्तीनं. मॅडमनी तसं केलं नाही. ताज्या चिरेत त्याची गरज सहसा पडत नाही. कुशीवर वळवून, कातडी हलक्या हातानं बाजूला सारून पाहिलं की चीर दिसते. मग त्यांनी पोट चाचपलं. डाव्या बाजूला, खाली, हाताला गाठीगाठी लागल्या. तो साठलेला मळ होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण घरोघरी चूक इथेच होते. बद्धकोष्ठ म्हटलं की आपण इसबगोल घेतो. इसबगोल चांगलंच आहे, पण ते पाणी धरून मळाचा आकार वाढवतं. पुढचा रस्ता खड्यानं अडलेला असताना मागून आकार वाढवला तर पोट फुगतं आणि पुढची वेळ आणखी अवघड जाते. आधी साठलेलं मोकळं करायचं, इसबगोल त्यानंतर.

(दृश्य : ग्लासात पांढरी पावडर पडते, चमचा फिरतो, पाणी पुन्हा नितळ होतं.)

ही पावडर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची. एका मात्रेत 17 ग्रॅम, ग्लासभर पाण्यात. ती आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषली जात नाही. आपल्याबरोबर पाणी धरून खालपर्यंत जाते आणि मळ ओला ठेवते. आतड्याला ती पिळवटत नाही, त्यामुळे पोटात सहसा मुरडा येत नाही. ताईंना पहिले तीन दिवस ती दोनदा दिली, नंतर दिवसातून एकदा. काहींना याच कामासाठी लॅक्टुलोजचं पातळ औषध देतात. लोहाची गोळी त्यांनी आपल्या मनानं बंद केली नाही. ती कशी घ्यायची ते डॉक्टरांनी बदलून दिलं.

(दृश्य : भिंतीवरचा तक्ता, मळाच्या सात आकारांची चित्रं.)

हा ब्रिस्टलचा तक्ता, 1997 मध्ये प्रसिद्ध झालेला. पहिला आकार सुटे कडक खडे, सातवा निव्वळ पाणी. ताई पहिल्या-दुसऱ्यावर होत्या. एरवी चौथा चांगला म्हणतात. चीर असताना पाचव्याच्या जवळ, म्हणजे मऊ, सहज तुटणारा, असला तर उत्तम. रोज नुसतं "झाली की नाही" विचारण्यापेक्षा ताई आता कितवं चित्र ते लिहून ठेवतात. औषधाची मात्रा त्यावरूनच ठरते.

मळ मऊ झाला. तरी ताईंना बसवेना. भीतीचं हे अंग औषधाच्या चिठ्ठीत बसत नाही. शरीर मागच्या वेळची वेदना लक्षात ठेवतं आणि बसल्याबसल्या बाहेरचं कडं आवळतं. माणूस वरून जोर लावतो आणि खालून दार बंद करतो, दोन्ही एकाच वेळी.

(दृश्य : खुर्चीवर बसून सराव. पायांखाली मोरीतलं प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल. पोटावर ठेवलेला तळहात वरखाली होतो.)

म्हणून आधी सराव, तोही कपडे घालून, खुर्चीवर. पायांखाली बुटकं स्टूल, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर. कोपरं मांड्यांवर. या बैठकीत मलाशय आणि गुदमार्ग यांच्यामधला कोन मोकळा होतो. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसल्यावर तो आपसूक होतो, पण बाळंतपणानंतर टाके दुखत असताना तसं बसवत नाही. श्वास नाकानं घ्यायचा, पोट पुढे फुगू द्यायचं, आणि ओठ किंचित उघडे ठेवून "स्स्स" असा आवाज करत सावकाश सोडायचा. दात आवळून श्वास कोंडला की खालचा स्नायूही आवळतो. हे ताईंनी स्वतःच करून पाहिलं, आणि इथे पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले.

वेळ ठरली नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत. खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हलतं. सकाळी तर जास्तच. तेव्हा आलेली कळ मिनिटभरही थांबवायची नाही. त्या वेळेपुरतं बाळ आजीकडे. आजींना हे सांगावं लागलं, आणि सांगितल्यावर त्यांनी स्वतःहून पाण्याचा तांब्या भरून ठेवायला सुरुवात केली. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं. कुंथत बसून राहायचं नाही, फोन बाहेर. पुढची कळ आली की पुन्हा.

शौचानंतर टबात कोमट पाणी, दहा-पंधरा मिनिटं बसून. पाण्यात काही घालायचं नाही. कोमटपणानं आतलं कडं सैल पडतं आणि तो तासाभराचा ठणका कमी होतो. जोडीला डिल्टियाझेमचं मलम, दिवसातून दोनदा. ते स्तनपानाचा विचार करून डॉक्टरांनी लिहून दिलं. हे मलम बधिर करण्यासाठी नाही. ते आवळलेला स्नायू सैल करतं, रक्त पोचू देतं, आणि म्हणून सहा ते आठ आठवडे लावावं लागतं.

(दृश्य : ताईंची वही. तारखांपुढे आकडे : 2, 3, 5, 4, 5.)

दहा-बारा दिवसांत ताईंचं दुखणं बरंच उतरलं. बहुतेक जण पावडर इथेच बंद करतात, आणि बऱ्याचदा चीर पुन्हा फाटते ती इथेच. वेदना थांबली तरी कातडी अजून कच्ची असते. भीतीही थांबलेली नसते. न दुखता झालेले पुष्कळ दिवस सलग गेल्यावरच ती ओसरते. म्हणून दुखणं पूर्ण थांबल्यावरही काही आठवडे मळ मऊ ठेवायचा आणि औषध पायरीपायरीनं उतरवायचं.

आठ आठवडे असं करूनही चीर भरली नाही तर बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा आतल्या कड्याचा थोडा भाग सैल करणारी छोटी शस्त्रक्रिया असते. जोर लावताना स्नायू आवळण्याची सवय सुटतच नसेल तर बायोफीडबॅक : पडद्यावर आपल्याच स्नायूचा ताण पाहत तो सोडायला शिकणं. आणि वजन घटतंय, ताप येतोय, पू येतोय, रक्त मळात मिसळून येतंय, चीर मागे-पुढे नसून बाजूला आहे, किंवा चाळिशी-पंचेचाळिशी उलटल्यावर पोटाची सवय अचानक बदलली आहे, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून आधी तपासणी.

ताई सध्या अर्ध्या मात्रेवर आहेत, सोबत रात्री एक चमचा इसबगोल आणि त्यावर ग्लासभर पाणी. वहीत सलग दोन दिवस तीनच्या खाली आकडा आला तर पुन्हा पूर्ण मात्रा, असं ठरलंय. मागच्या आठवड्यात एकदा तसं झालं. त्यांनी त्याच संध्याकाळी मात्रा वाढवली आणि दुसऱ्या दिवशी कळ आल्याबरोबर त्या उठल्या.